ग्रहण, विळी आणि पोटातलं बाळ: २ ऑगस्ट २०२७ ची तयारी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची आवस, आणि सोमवार असल्यामुळे सोमवती. त्याच दिवशी नाशिकच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान जाहीर झालेलं आहे, आणि त्याच दुपारी सूर्यग्रहण. ग्रहण खग्रास दिसेल ते स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान या पट्ट्यात. नाशिकहून ते खंडग्रास दिसेल. साधारण चारच्या सुमारास लागून संध्याकाळी सहाच्या आत सुटेल, नेमकी मिनिटं त्या वर्षीच्या पंचांगात पाहावीत. ज्यांच्या घरी तेव्हा कोणी गरोदर असेल, त्या घरात आदल्या आठवड्यापासून सूचना सुरू होतील: भाजी चिरू नको, सुईत दोरा ओवू नको, खाऊ नको, पाणी नको, हलू नको, एका जागी बसून जप कर.

या सूचना एकाच मापाच्या नसतात. काही पाळल्या तर कुणाचं काहीच जात नाही. काही पाळल्या तर बाईला दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. घरातले वाद बहुतेक वेळा पहिल्या प्रकारावर होतात आणि दुसऱ्या प्रकाराकडे लक्षच जात नाही, म्हणून आधी दोन्ही वेगळ्या करून घेऊ.

पहिलं काम: ग्रहण पाळायचं आहे का, हेच पाहा

फोनवर "ग्रहण आहे, गर्भवतींनी काळजी घ्या" असा निरोप आला की घर घाबरतं. पण जे ग्रहण भारतातून दिसत नाही त्याचे वेध आपले पंचांगकर्तेच पाळायला सांगत नाहीत. छायाकल्प चंद्रग्रहणाचंही तसंच, त्यात चंद्र फक्त किंचित मंदावतो आणि त्याला कोणतेच नियम नाहीत. २८ ऑगस्ट २०२६ ला, राखीपौर्णिमेला, खंडग्रास चंद्रग्रहण आहे. पण ते लागेल तेव्हा नाशिकमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतील आणि चंद्र मावळलेला असेल. २०२७ मधली तिन्ही चंद्रग्रहणं छायाकल्प आहेत. म्हणजे निरोप आला की पंचांगात ते पान उघडायचं आणि घरातल्या ज्येष्ठांनाच मोठ्याने वाचायला सांगायचं. निम्म्या वेळा विषय तिथेच संपतो, आणि संपवणारे तेच असल्यामुळे कुणाचा मान दुखावत नाही.

पंचांगातली सवलत

ही गोष्ट फार कमी सुनांना माहीत असते. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी. पण आपल्याकडच्या पंचांगांत त्याच ओळीच्या पुढे बाल, वृद्ध, आजारी, अशक्त आणि गर्भवती यांच्यासाठी वेगळी, उशिराची वेळ छापलेली असते. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणाला ग्रहणस्पर्श रात्री नऊ सत्तावन्नला होता. इतरांना वेध दुपारी साडेबाराच्या सुमारास लागले, गर्भवतींना मात्र सायंकाळी साधारण सव्वापाचपासून पाळायला सांगितलं होतं. शिवाय बहुतेक पंचांगं हेही सांगतात की वेधकाळात फक्त जेवण वर्ज्य आहे. पाणी पिणं, झोपणं, लघवीला जाणं चालतं. या गोष्टींना मनाई सांगितली आहे ती फक्त पर्वकाळात, म्हणजे प्रत्यक्ष ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत.

याचा उपयोग काय? बारा-चौदा तासांचा वाद दोन तासांवर येतो. सासूबाईंना "तुमचं शास्त्र खोटं" असं म्हणावं लागत नाही. त्यांच्याच शास्त्राने दिलेली सवलत आपण मागतो आहोत. उरलेल्या दोन तासांत काय सोडायचं नाही, तेवढंच मग ठामपणे बोलायचं.

एका घराचं वेळापत्रक

सिडकोतलं एक घर डोळ्यासमोर आणू. सूनबाईला त्या दिवशी अठ्ठाविसावा आठवडा पूर्ण होतो, तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली. घरात सासूबाई, आणि निफाडहून खास ग्रहणासाठी आलेल्या आजेसासू. आजी म्हणतात, "पहाटे चारला वेध लागतात. त्याच्या आत काय खायचं ते खा, मग सुटल्यावर आंघोळ करूनच."

आता हिशेब करा. पहाटे चारच्या आत उठून कोणी जेवत नाही. म्हणजे शेवटचं जेवण आदल्या रात्री नऊचं. ग्रहण सुटणार संध्याकाळी सहाच्या आसपास, मग आंघोळ, मग नवा स्वयंपाक. ताट समोर येईपर्यंत सात वाजतात. झाले बावीस तास. त्यात सोमवतीचा उपास धरलेला असेल तर तेही कुणाला जास्त वाटत नाही. पण गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात शरीर उपाशीपोटी साखरेवरून चरबी जाळण्यावर फार लवकर येतं. इतरांना दीड दिवसाच्या उपासाने जे होतं, ते गरोदर बाईला एका रात्रीच्या उपासाने होऊ लागतं. मळमळ, डोकं ठणकणं, हातापायाला कंप, घाम ही त्याची चिन्हं. पाणीही बंद असेल तर लघवी गडद पिवळी होते आणि पोट पुन्हा पुन्हा कडक होऊ लागतं. लघवी तासन्‌तास दाबून धरली तर मूत्रमार्गाचा संसर्ग वाढायला वाव मिळतो. गरोदरपणात तो मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो आणि अवेळी कळा येण्याचं ते एक माहीत असलेलं कारण आहे. घाबरायचं आहे ते या सगळ्याला. सूर्यापुढे चंद्र आल्याने कोणतेही नवे किरण निघत नाहीत, ऊन तेवढं कमी होतं.

त्या दिवसाचं वेळापत्रक असं ठेवता येतं. सकाळी साडेसातला पोटभर नाश्ता: थालीपीठ-दही, किंवा उपमा आणि एक उकडलेलं अंडं, घरात चालत असेल तर. अकरा वाजता पूर्ण जेवण, म्हणजे भाकरी किंवा पोळी, वरण, भाजी, भात. गर्भवतीचे वेध पंचांगाप्रमाणे त्यानंतर लागत असतील तर हे जेवण आजींच्या नियमातही बसतं. दीडच्या सुमारास दूध, भिजवलेले शेंगदाणे, केळं. ग्रहण लागण्याच्या अर्धा तास आधी, साडेतीनच्या आत, राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर फुटाणे-गूळ आणि दोन पेले पाणी. ग्रहणात पाणी पीतच राहायचं, तासाला एक पेला तरी. सुटल्यावर कोमट पाण्याने आंघोळ आणि ताजं जेवण. अशा आखणीत साडेतीन ते सात एवढंच अंतर राहतं, आणि एरवीही दोन जेवणांत तेवढं अंतर पडतंच.

आजींना पाणी पटत नसेल तर त्यांच्याच हाताने तांब्यात तुळशीचं पान घालून घ्यावं. तुळशीपत्र घातलेलं पाणी ग्रहणात विटाळत नाही, ही त्यांच्या पिढीची पक्की समजूत आहे. पान घातल्याने पाण्यात काही बदल होत नाही, पण तांब्या रिकामा होतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

दिव्यांच्या अवसेचे गोड दिवे सकाळी लवकर उकडायचे की ग्रहण सुटल्यावर, ते घराने ठरवावं. तिचं ताट मात्र नैवेद्यासाठी थांबवू नये.

गर्भावस्थेतला मधुमेह असून इन्सुलिन सुरू असेल तर वेळापत्रक घरी ठरवू नका. जेवण पुढे-मागे झालं आणि इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं, तर साखर एकदम खाली येते. आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळा लिहून आणा. रक्तदाबाची, थायरॉइडची, फिट्सची गोळी ग्रहणासाठी चुकवायची नाही. एक घोट पाण्याबरोबर ती त्या दोन तासांतही घ्यायची.

विळी, सुरी, सुई

ग्रहणात चिरलं तर बाळाचा ओठ तुटतो, ही सगळ्यांत घट्ट बसलेली भीती. दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मणारी बाळं असतात, साधारण सातशे जन्मांत एक, त्यामुळे प्रत्येकाने कुठेतरी असं एक मूल पाहिलेलं असतं, आणि "तिने ग्रहणात कांदा चिरला होता" हे वाक्य त्याला चिकटतं.

ओठ कधी तयार होतो ते बघा. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. वरचा ओठ दुसरा महिना सरेपर्यंत जुळून झालेला असतो, आणि टाळू तिसरा महिना सरेपर्यंत. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या सूनबाईच्या बाळाचा ओठ चार-पाच महिन्यांपूर्वीच पूर्ण झालेला आहे. तो आता कशानेच दुभंगत नाही, सुरीने नाही आणि ग्रहणानेही नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास होणाऱ्या व्यंगतपासणीच्या सोनोग्राफीत ओठ पाहिलेला असतो. तो अहवाल फाइलमध्ये असेल तर आजींना दाखवा. टाळूची फट मात्र सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "सगळंच दिसलं, सगळं ठीक" असं सांगू नका. पुढे काही निघालं तर तेच शब्द उलटतात.

आणि जिला दुसराच महिना आहे तिचं काय? तिला वरचा मुद्दा लागू नाही. तिच्यासाठी दुसरा आहे. ओठ जुळण्याचे ते दोन-तीन आठवडे असे असतात की पुष्कळ बायकांना आपण गरोदर आहोत हेच ठाऊक नसतं, असली तर "पाळी लांबली" एवढी शंका असते. त्या दिवसांत त्या रोज चिरतात, शिवतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या वाट्याला ग्रहणही येतं. ओठ दुभंगण्याची माहीत असलेली कारणं वेगळी आहेत: घराण्यातली जनुकं, गरोदरपणाआधीपासूनचा आणि ताब्यात नसलेला मधुमेह, तंबाखू आणि धूर, फिट्सची काही औषधं, फोलिक ॲसिडची कमतरता. फिट्सची गोळी सुरू असलेल्या बाईने गरोदर राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, पण मनाने गोळी बंद करू नये. फोलिक ॲसिडही गरोदर राहण्याआधीपासून सुरू करायचं असतं. सासूबाईंना खरोखर नातवाच्या ओठाची काळजी असेल, तर ती काळजी या गोळीकडे वळवता येते.

असं मूल जन्मलंच तर त्यावर शस्त्रक्रिया आहे. ओठाची साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात, टाळूची साधारण वर्षाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे आणि उपचार मोफत होतात. आईला दोष देण्यात आठवडे घालवण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात बाळाला दूध कसं पाजायचं ते शिकून घेणं जरुरीचं असतं, कारण फट टाळूत असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही.

असं असूनही, ग्रहणात चिरू नका असं घरी म्हणत असतील तर त्यावर भांडू नये, असं आमचं मत आहे. चिरण्याचं काम सकाळी उरकता येतं. दोन तास सुई हातात न घेतल्याने काही अडत नाही. मुद्दाम सगळ्यांसमोर कांदा चिरून दाखवण्यात शौर्य वाटतं खरं. पण पुढे बाळाला साधी कावीळ झाली तरी बोट त्या कांद्याकडे जातं, आणि हे ओझं तिच्या एकटीवर येतं. ज्यात काही जात नाही ते द्यावं, म्हणजे पाण्याच्या आणि जेवणाच्या वेळी आपला शब्द ऐकला जातो.

उलट, धारदार वस्तूंचा एक रिवाज खरोखर धोक्याचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही: नजर लागू नये म्हणून गरोदर बाईच्या उशाखाली सुरी, आणि बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या गादीखाली विळा. कूस बदलताना उशी सरकते, सुरी बाहेर येते. यावर तोडगा असा की विळा खोलीच्या दाराबाहेर, वर, किंवा पेटीत बंद करून पलंगाखाली ठेवायचा. "आजी, रक्षण व्हायचं ते दारातूनच होऊ दे, पलंगावर बाळाचा हात लागेल," एवढं पुरतं. बाळाच्या झबल्याला किंवा आईच्या पोटाशी लावलेली सेफ्टी पिन त्याच न्यायाने काढावी.

बोलायचं कसं, आणि कुणी

ग्रहणाच्या दुपारी बोलू नका. तेव्हा सगळे घाबरलेले असतात आणि घड्याळ चाललेलं असतं. चार-पाच दिवस आधी, संध्याकाळच्या चहाला विषय काढावा. आणि सुरुवात मुलाने करावी, सुनेने नाही. सून बोलली की ते उलट उत्तर ठरतं. तेच वाक्य मुलगा बोलला की ती चौकशी होते. त्याने एवढंच म्हणावं: "आई, डॉक्टरांनी हिला चार तासांच्या वर उपाशी राहायचं नाही असं सांगितलंय. ग्रहणाचं कसं करायचं, तूच सांग." हे डॉक्टरांनी खरंच सांगितलेलं असावं, आधीच्या तपासणीला विचारून फाइलवर लिहून घ्यावं. लिहिलेल्या ओळीला घरात वजन असतं.

आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही सगळं पाळलं, काय झालं आम्हाला?" तर वाद घालू नका, विचारा: "आजी, पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण झालं होतं, २४ ऑक्टोबरला. तेव्हा आपल्या गल्लीत कोण कोण पोटुशी होतं?" बोलणं सुरू होतं. शेतावर होती तिने काय केलं, कांद्याच्या खळ्यावर काम करणारीने काय केलं, हे त्याच आठवून सांगतात. त्यांनी स्वतः सांगितलेल्या उदाहरणासारखं दुसरं उत्तर नाही. वर्षात किमान दोन सूर्यग्रहणं पृथ्वीवर कुठे ना कुठे होतातच, त्यामुळे नऊ महिन्यांत एकही ग्रहण आलं नाही असं बाळ जगात नाही. हा मुद्दा आजोबांना जास्त पटतो, पंचांग चाळणाऱ्यांना तो लगेच कळतो.

पाण्यावर अडलं तर: "आई, तुमचं सगळं ऐकते. चिरत नाही, शिवत नाही, बाहेर जात नाही, जप करते. पाणी तेवढं पिते, तुळस घालून तुम्हीच द्या." लघवीला उठण्याबद्दल परवानगी मागायचीच नाही, उठून जायचं. "एका अंगावर निजू नको, ताठ बस" असं म्हटलं तर: "पाठ भरून येते आजी, डाव्या कुशीवर पडून रामरक्षा म्हणते." तासन्‌तास पाय न हलवता बसल्याने पायातलं रक्त साकळण्याचा धोका गरोदरपणात वाढतो, म्हणून दर अर्ध्या तासाने घरातल्या घरात चार पावलं टाकायची.

"अंधश्रद्धा" हा शब्द या सगळ्यात कुठेही वापरू नका. आजींना त्यातून आपण मूर्ख ठरलो एवढंच ऐकू येतं, आणि नातवाची काळजी करणाऱ्या बाईला तो शब्द लागतो.

त्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मोठ्याने मान्यही करावं. ग्रहणाआधीचं शिजवलेलं अन्न टाकून द्यावं, हे ओट्यावर ऑगस्टच्या दमट हवेत पाच-सहा तास राहिलेल्या भातापुरतं बरोबरच आहे. कारण ग्रहण नसून उष्ण हवा आहे, आणि तुळशीपत्राने ते थांबत नाही. फ्रिजमधलं दूध टाकायची गरज नाही. सूर्याकडे बघू नको, हे तर शंभर टक्के खरं, आणि ते सगळ्यांनाच लागू. डोळ्याचा पडदा भाजतो तेव्हा दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. काळा चष्मा, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच चालत नाही. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. घरबसल्या पाहायचं तर पुरणाची चाळण उन्हात धरून जमिनीवर तिची सावली पाहावी, प्रत्येक भोकातून एकेक कुरतडलेला सूर्य पडलेला दिसतो. ऑगस्टात ढग असतील तर तेही नाही.

त्या दिवशीचा रस्ता

नाशिककरांसाठी सर्वांत महत्त्वाची तयारी ही आहे. २०१५ च्या सिंहस्थात स्नानाच्या दिवशी शहरातले मोठे रस्ते वाहनांना बंद होते. बाळंतपणाची तारीख जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असेल, तर जुलैतच ठरवा: दवाखाना गोदावरीच्या आपल्याच बाजूला आहे का, पूल ओलांडावा लागतो का, पोलिसांनी जाहीर केलेल्या मार्गांत तो रस्ता आहे का. अडचण असेल तर दोन दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जावं. रामकुंडावरच्या गर्दीत गरोदर बाईने जाऊ नये. घरच्या बादलीत गोदेचं तांब्याभर पाणी घालून आंघोळ केली तर कुठल्याही आजी नाही म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट आधीच, सगळ्यांसमोर, बोलून ठेवायची: रक्त किंवा पाणी जाऊ लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, फिट आली, बाळाची हालचाल मंदावली, किंवा सदतीस आठवड्यांच्या आत पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं आणि दोन पेले पाणी पिऊन डाव्या कुशीवर तासभर पडूनही थांबलं नाही, तर ग्रहण सुटायची वाट पाहायची नाही. हालचालीची शंका आली तर काही खाऊन कुशीवर पडावं. दोन तासांत दहा हालचाली मोजता आल्या नाहीत तर निघावं. रक्त, पाणी किंवा फिट असेल तर मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. फाइल, आधार कार्ड, चार कपडे आणि फोनचा चार्जर ३१ जुलैच्या रात्रीच एका पिशवीत भरून दाराशी टांगावेत. दवाखान्यात नेताना आजींना वाटलं तर त्यांनी ओच्यात तुळशीची डहाळी घालावी, "दे दान सुटे गिराण" म्हणणाऱ्याच्या झोळीत धान्य टाकावं. गाडी मात्र त्यासाठी थांबवू नये.